पन्नास हजारांचे ३७,५४१ कसे झाले?

*नुकतीच नोकरीला लागले. पहिला पगार सांगितल्यापेक्षा बराच कमी आला आणि आईला वाटतंय कंपनीने फसवलं. स्लिपवरची एकेक कपात तिला कशी समजावून सांगू? खरं तर मलाच सगळ्या नीट कळलेल्या नाहीत.*

फोनवर समजावू नका, एवढं आधी सांगते. मी जून २०२५ मध्ये नोकरीला लागले. पगार जमा झाल्याचा मेसेज मोठ्या हौसेने आईला वाचून दाखवला, तर पलीकडून प्रश्न आला, "पन्नास म्हणाली होतीस ना गं? मग बाकीचे कुठे गेले?" मी म्हटलं पीएफ. ती म्हणाली, "साडेबारा हजार पीएफ?" मी स्लिप उघडलीसुद्धा नव्हती. मग दोघीही चिडलो आणि फोन ठेवला.

माझी आई नऊ वर्षं बचत गटाची खजिनदार आहे. "अशीच कपात असते सगळ्यांची" हे उत्तर तिच्यापुढे चालत नाही. म्हणून रविवारी ऑफर लेटर आणि स्लिप शेजारी ठेवून मी तिला पत्र लिहिलं. लिहिताना मलाही पहिल्यांदाच सगळं कळलं. घरगुती मजकूर गाळून ते इथे देते. आकडे माझे आहेत आणि कराचे नियम २०२५-२६ चे, तेव्हा तुमच्या वर्षाचे टप्पे पाहून घ्या.

ती. आईस,
शि. सा. न.

तुझा हिशेब बरोबर होता. सहा लाखांना बारांनी भागलं की पन्नास हजारच येतात. चूक माझी झाली, कारण मी तुला सांगितलेला सहा लाखांचा आकडा माझ्या पगाराचा नव्हताच. त्याला सीटीसी म्हणतात, म्हणजे मी कंपनीला वर्षाला केवढ्याला पडते ती रक्कम. माझ्यासाठी कंपनीच्या खिशातून जे जे जातं ते सगळं त्यात धरलेलं असतं, मग ते माझ्या हातात येवो न येवो.

त्यातले ७८,००० रुपये दरमहा पगारात येणारच नाहीत. त्यांचे चार तुकडे आहेत. ३४,५६० रुपये कंपनी माझ्या पीएफमध्ये तिच्या बाजूने घालते. ४,५९२ माझ्या आरोग्य विम्याचा हप्ता. २५,००० बोनस, तो वर्षाच्या शेवटी काम पाहून, आणि पूर्ण मिळेल असं कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. राहिले १३,८४८, ती ग्रॅच्युइटी.

ग्रॅच्युइटीवर तू नक्की बोट ठेवशील, म्हणून आधीच सांगते. एका वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचं बेसिक, महिना सव्वीस दिवसांचा धरून, असा तिचा हिशेब असतो. पण ती मिळते सलग पाच वर्षं काढल्यावर, नोकरी सोडताना. चौथ्या वर्षी सोडली तर काही नाही. पीएफसारखं माझ्या नावाचं खातंही तिला नसतं. म्हणजे ऑफर लेटरवर ते पैसे माझे दिसतात, पण पाच वर्षं होईपर्यंत ते माझे नाहीत. आमच्या बॅचमधल्या कितीजणी पाच वर्षं टिकतील ते देवालाच ठाऊक. मी तरी हा आकडा मनातून वजा करून टाकला आहे, तूही कर.

७८,००० ला बारांनी भाग, ६,५०० येतात. पन्नास हजारांतून ते काढले की राहिले ४३,५००. माझा महिन्याचा ठरलेला पगार हा. त्यात बेसिक २४,०००, घरभाडे भत्ता ९,६०० आणि विशेष भत्ता ९,९००. यापुढे तुला कोणी विचारलं तर त्रेचाळीस सांग.

पण या स्लिपवर ४३,५०० सुद्धा नाहीत, ४२,०५० आहेत. १ जूनला रविवार होता, त्यामुळे मला सोमवारी २ तारखेला रुजू करून घेतलं. स्लिपवर 'पगारी दिवस २९' असं आहे. तीस दिवसांचे ४३,५००, तर एका दिवसाचे १,४५० गेले. पुढच्या सगळ्या रविवारांचे पैसे मिळाले, या एकाचे नाहीत, कारण त्या दिवशी मी त्यांच्या हजेरीपटावरच नव्हते. जुलैपासून हे दिसणार नाही.

आता खऱ्या कपाती. एकूण ४,५०९ रुपये कापले आहेत.

सगळ्यात मोठी पीएफची, २,७८४. ती पूर्ण पगारावर नसते, बेसिकवर असते, बारा टक्के. माझं बेसिक या महिन्यात एक दिवस कमी म्हणून २३,२००, त्याचे बारा टक्के २,७८४. पुढच्या महिन्यापासून २,८८० जातील. काही कंपन्या बेसिक कितीही असलं तरी १५,००० धरूनच १,८०० कापतात, कायद्याने तेवढं चालतं. आमची पूर्ण बेसिकवर कापते. हातात कमी येतं खरं, पण जेवढे माझे जातात तेवढेच कंपनीही घालते, म्हणून मला हे बरं वाटलं.

तुमच्या गटासारखंच समज. दर महिन्याला ठरलेली बचत, प्रत्येकीचं वेगळं पासबुक. फरक इतकाच की इथे मी २,७८४ टाकले की कंपनीही २,७८४ टाकते आणि व्याज सरकार ठरवतं. २०२४-२५ साठी ते सव्वाआठ टक्के होतं. व्याज दर महिन्याच्या शिलकेवर मोजतात, पण खात्यावर चढवतात वर्ष संपल्यावर. तेव्हा मधल्या महिन्यांत व्याजाचा रकाना कोरा दिसला तर घाबरू नकोस. नोकरी बदलली तरी माझा बारा आकडी यूएएन नंबर तोच राहील आणि जुन्या कंपनीतली रक्कम नव्या खात्यात हलवायची. लोक नोकरी सोडली की पैसे काढून मोकळे होतात. एकूण नोकरी पाच वर्षांची व्हायच्या आत असे काढले तर त्यावर कर लागतो.

वारस म्हणून तुझं नाव घातलं आहे. पीएफला जोडलेला एक विमाही असतो, सात लाखांपर्यंतचा, त्यासाठी माझ्याकडून काही कापत नाहीत. हे फोनवर सांगितलं असतं तर तू "अभद्र बोलू नकोस" म्हणून विषय बदलला असतास. लिहून ठेवते म्हणजे कुठेतरी राहील.

दुसरी कपात व्यवसाय कर, २०० रुपये. तू म्हणालीस, "तू कुठला व्यवसाय करतेस?" मलाही हसू आलं होतं. पण नोकरी हाही त्या कायद्याच्या लेखी व्यवसायच. हा कर राज्य सरकारचा. आपल्याकडे महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला तो माफ आहे, २०२३ च्या एप्रिलपासून. माझा पगार त्याच्या वर, म्हणून २००. दिवस कमी भरले म्हणून यात सूट नाही, रक्कम ठोक आहे. फेब्रुवारीत मात्र ३०० कापतील. तेव्हा पुन्हा फसवलं म्हणू नकोस. राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. अकरा महिने दोनशेप्रमाणे २,२०० होतात, उरलेले तीनशे एका महिन्यात घेऊन २,५०० पुरे करतात.

याचं मूळ शोधलं तेव्हा मला आजी आठवली. बाहत्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची हे तूच सांगितलं आहेस. त्या दुष्काळानंतर रोजगार हमीची कामं कायम चालवायची तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न होता. शहरातल्या पगारदारांकडून घ्यायचा असं ठरलं आणि १९७५ साली महाराष्ट्रात हा कर आला. दोनशे रुपये जाताना मला फारसं वाईट वाटलं नाही ते यामुळे. वडिलांना सांग, ते म्हणतील सरकारला पैसे खायला निमित्त लागतं. म्हणू देत.

तिसरी कपात २५ रुपयांची, कामगार कल्याण निधी. ही वर्षातून दोनदाच असते, जून आणि डिसेंबरच्या पगारातून. मी नेमकी जूनमध्ये लागले म्हणून पहिल्याच स्लिपवर आली. माझे पंचवीस, कंपनीचे पंचाहत्तर. कामगार कल्याण केंद्रं, तिथले शिवणवर्ग, कामगारांची नाट्यस्पर्धा, मुलांच्या शिष्यवृत्त्या, हे सगळं त्या निधीतून चालतं.

चौथी १,५०० ची. ही कोणी माझ्यावर लादलेली नाही, मी स्वतः सही करून दिली आहे, तुम्हा दोघांच्या विम्यासाठी. माझा विमा कंपनी भरते, आईवडिलांचा हवा असेल तर आपण भरायचा. वर्षाचे १८,०००, बारा हप्त्यांत. दोघांत मिळून तीन लाखांपर्यंत. तुझं बीपी आधीपासूनचं असलं तरी या पॉलिसीत ते पहिल्या दिवसापासून धरलं आहे. बाहेर घेतली असती तर त्यासाठी थांबावं लागलं असतं. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. तुमच्या प्रत्येक बिलात दहा टक्के आपण भरायचे आहेत. आणि मी ही नोकरी सोडली त्या दिवशी हा विमाही संपतो, म्हणून पुढे कधीतरी तुमच्या नावाची वेगळी पॉलिसी घ्यावीच लागेल. कार्डाचा फोटो वडिलांच्या फोनवर पाठवला आहे, त्याची छापील प्रतही काढून ठेव.

शेवटचा रकाना टीडीएसचा, म्हणजे आयकराचा. तिथे शून्य आहे. काका म्हणाले होते दहा टक्के कापतील, तसं नसतं. कंपनी आधी अंदाज करते की मार्चपर्यंत मला एकूण किती मिळतील. जूनचे ४२,०५०, पुढचे नऊ महिने ४३,५०० आणि बोनस धरला तर ४,५८,५५० होतात. नव्या कर पद्धतीत पगारदाराला ७५,००० ची सरसकट वजावट आहे, ती काढली की ३,८३,५५० उरतात. चार लाखांपर्यंत करच नाही. पुढच्या वर्षी बाराही महिने भरले की ही वजावट काढून ४,७२,००० उरतील, त्यावर कागदोपत्री ३,६०० कर निघेल, पण वर्षाचं करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर तोही माफ होतो. तेव्हा या रकान्यात कधी आकडा दिसला तर मला विचार, मी त्यांना विचारीन.

आता तुझ्या वहीत असं मांड. पन्नास हजारांतून ६,५०० वजा, ते मुळात महिन्याच्या पगाराचे नव्हतेच. मग १,४५० वजा, त्या रविवारचे. मग ४,५०९ वजा, या कपाती. उरले ३७,५४१. बँकेत नेमके तेवढेच आले आहेत.

तुझी,
ताई

(घरात मी थोरली, म्हणून आईसुद्धा मला ताईच म्हणते.)

पत्र पोचल्यावर आईचा फोन आला तो ग्रॅच्युइटीवरून. "जे हातात नाही ते पगारात मोजतात कसे?" हा तिचा प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाकी पटलं असावं, कारण तिने वहीत माझ्या नावाचं पान सुरू केलं.

खरी गंमत ऑगस्टमध्ये झाली, आणि ती तुमच्याही कामाची आहे. मी राखीला घरी गेले तेव्हा तिने पीएफचं पासबुक दाखव म्हटलं. जूनची रक्कम कंपनीने १५ जुलैपर्यंत भरायची असते, त्यामुळे ती नोंद तोवर आली होती. पासबुकात तीन रकाने असतात, माझा वाटा, कंपनीचा वाटा आणि पेन्शन. पहिल्यात २,७८४, दुसऱ्यात १,५३४, तिसऱ्यात १,२५०. मी बेरीज करून म्हटलं, कंपनीचे २,७८४ बरोबर आहेत की. आई म्हणाली, "पत्रात तू पेन्शनचं काही लिहिलं नव्हतंस."

लिहिलं नव्हतं कारण ते माझ्या स्लिपवर नव्हतंच. मग वाचत बसले. कंपनीच्या बारा टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण १५,००० च्या मर्यादेवरच, म्हणून तो आकडा १,२५० असतो. मात्र १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच पीएफचा सभासद होतो आणि ज्याचं बेसिक तेव्हाच १५,००० च्या वर असतं, त्याला त्या पेन्शन योजनेत घेता येत नाही. त्याच्या बाबतीत कंपनीचा पूर्ण वाटा पीएफमध्येच जायला हवा. माझी ही पहिलीच नोकरी, बेसिक २४,०००. म्हणजे तिसऱ्या रकान्यात शून्य हवं होतं आणि दुसऱ्यात २,७८४.

रक्कम कुठे पळाली नव्हती, हे खरं. पण पेन्शनच्या रकान्यातल्या पैशांवर पीएफसारखं व्याज चढत नाही, आणि वर्षाला १५,००० रुपये असे चुकीच्या खात्यात जात राहतात. ही चूक वर्षानुवर्षं तशीच राहिली तर पैसे काढताना किंवा दुसऱ्या कंपनीत नेताना अर्ज अडकतो, आणि तोवर जुन्या कंपनीत आपलं ऐकणारं कोणी उरलेलं नसतं. आमच्या पगार विभागातल्या ताईंनी सांगितलं की सॉफ्टवेअरमध्ये नव्या माणसाला पेन्शनची खूण आपोआप लागते, ती हाताने काढावी लागते. रुजू होताना भरलेल्या फॉर्म ११ मध्ये 'आधी कधी सभासद होतात का' याला मी 'नाही' लिहिलं होतं, पण ते कोणी पाहिलंच नव्हतं. माझ्यासोबत लागलेल्या सगळ्यांचं तसंच झालं होतं.

मी फॉर्म ११ ची प्रत, रुजू होण्याचं पत्र आणि पासबुकाचं पान जोडून ईमेल केला. तोंडी सांगू नका, ईमेलच करा. तोवर जुलैचीही रक्कम तशीच भरली गेली होती. ऑगस्टपासून त्यांनी पेन्शन शून्य केलं. आधीच्या दोन महिन्यांचे २,५०० रुपये हलवण्यासाठी कंपनीला पीएफ कार्यालयाकडे लेखी दुरुस्ती मागावी लागली आणि त्यात डिसेंबर उजाडला.

तुम्हीही आईला पत्र लिहिण्याआधी पासबुक उघडून तो तिसरा रकाना पाहून घ्या. माझ्यासारखीच तुमची पहिली नोकरी असेल आणि बेसिक पंधरा हजारांच्या वर असेल, तर तिथे शून्यच हवं.

डिसेंबरची स्लिप आली त्या दिवशी मी फोन लावायच्या आत आईचा आला. "या महिन्यात पंचवीस रुपये जास्त गेले असतील, बघ."